सवलतीच्या कूपनावरील खरेदी आणि अंशतः परताव्याची विभागणी

एका शाळेतील शिक्षकांनी शाळेसाठी ऑनलाइन दुकानातून तीन वस्तू मागविल्या, असे समजू या. शब्दकोशांचा संच १,२०० रुपये, पृथ्वीगोल ८०० रुपये आणि भिंतीवर लावण्याचा नकाशा ५०० रुपये, अशी २,५०० रुपयांची ही ऑर्डर होती. दोन हजारांहून अधिक रकमेच्या खरेदीवर २०० रुपये सूट देणारे कूपन त्यांनी वापरले, तेव्हा देय रक्कम २,३०० रुपये झाली. त्यापैकी ५०० रुपये वॉलेटमधील शिलकेतून गेले व उरलेले १,८०० रुपये त्यांनी यूपीआयने बँक खात्यातून भरले. पार्सल आले तेव्हा पृथ्वीगोलाची बैठक तडकलेली निघाली. तो परत पाठविण्यात आला. काही दिवसांनी बँक खात्यात जमा झाले अवघे ५७६ रुपये.

आठशेची वस्तू परत केली आणि ५७६ रुपये आले, म्हणजे २२४ रुपये बुडाले, अशी कोणाचीही पहिली समजूत होईल. प्रत्यक्षात या व्यवहारात एक पैसाही बुडालेला नसण्याचा संभव आहे. तो तसा आहे की नाही, हे ठरविण्यासाठी दोन प्रश्न वेगवेगळे सोडवावे लागतात. पहिला प्रश्न असा की, परतावा एकूण किती मिळावयास हवा? आणि दुसरा, तो कोठे कोठे जमा व्हावयास हवा? बहुतेक तक्रारींत या दोहोंची गल्लत झालेली असते.

कूपन व वॉलेट यांतील भेद

पडद्यावर ऑर्डरचा हिशेब दिसतो तेव्हा कूपन व वॉलेट या दोन्ही रकमा वजा चिन्हासह एकाखाली एक दिलेल्या असतात. त्यामुळे त्या एकाच जातीच्या वाटतात. वस्तुतः त्यांचा स्वभाव भिन्न आहे. कूपनाने वस्तूची किंमत कमी होते, तर वॉलेटने किंमत चुकती केली जाते. वरील ऑर्डरची खरी किंमत २,३०० रुपये एवढीच होती आणि ती दोन ठिकाणच्या पैशांतून भागविली गेली. यावरून पुढचे सारे ठरते. जे दिलेच नव्हते ते, म्हणजे कूपनाचे २०० रुपये, रोखीने परत मिळण्याचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु वॉलेटमधून गेलेला पैसा हा दिलेला पैसा होय आणि वस्तूच्या प्रमाणात तो परत मिळालाच पाहिजे.

आता पृथ्वीगोलाचा हिशेब पाहू. कूपन संपूर्ण ऑर्डरवर लागू झाले होते, म्हणून त्याची सूट तिन्ही वस्तूंवर किमतीच्या प्रमाणात वाटली जाते. २,५०० रुपयांत ८०० रुपयांचा गोल, म्हणजे २०० रुपयांच्या सुटीतील ६४ रुपये त्याच्या वाट्याला येतात. संचाच्या वाट्याला ९६ व नकाशाच्या वाट्याला ४० रुपये येतात. तेव्हा गोलाची प्रत्यक्ष किंमत ७३६ रुपये ठरली आणि तेवढाच परतावा देय झाला.

ही वाटणी ग्राहकाला ताडून पाहता येते. विक्रेत्याने दिलेली सूट बिलावर दाखविलेली असेल, तर वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार ती करपात्र मूल्यातून वगळली जाते. त्यामुळे अशा बिलांवर बहुधा प्रत्येक वस्तूसमोर तिच्या वाट्याची सूट छापलेली आढळते. परताव्याचा आकडा पटला नाही तर प्रथम हे बिल उघडावे. मात्र सूट विक्रेत्याने न देता संकेतस्थळ चालविणाऱ्या कंपनीने किंवा बँकेने दिली असेल, तर ती बिलावर दिसेलच असे नाही. मग ऑर्डरच्या तपशिलावर विसंबावे लागते.

येथे एक अडचण उरते. कूपनाला दोन हजारांची अट होती. गोल परत गेल्यावर उरलेली खरेदी १,७०० रुपयांची झाली आणि अट मोडली. काही दुकानांच्या नियमांत अशा वेळी कूपन रद्द समजण्याची तरतूद असते. तसे केल्यास उरलेल्या दोन वस्तूंची पूर्ण किंमत १,७०० रुपये धरली जाते आणि २,३०० मधून ती वजा जाता परतावा ६०० रुपये होतो. ७३६ व ६०० यांतील १३६ रुपयांचे अंतर हे उरलेल्या वस्तूंवरील सूट काढून घेतल्याचे आहे. म्हणून परताव्याचा आकडा नुसता पाहूनही दुकानाने कोणती रीत लावली ते ओळखता येते. वस्तू सदोष निघाल्यामुळे परत गेली असताना ग्राहकाची सूट काढून घेणे न्याय्य दिसत नाही, कारण अट मोडली ती त्याच्या इच्छेने नव्हे. ही हरकत घेण्याजोगी आहे. ती घेण्यापूर्वी कूपनाच्या अटी मात्र वाचाव्यात.

रक्कम कोठे जमा होते

देय परतावा ७३६ रुपये निश्चित झाला, की दुसरा प्रश्न येतो. मूळ भरण्यात वॉलेटचा वाटा २,३०० पैकी ५०० होता. त्याच प्रमाणात विभागणी केली तर १६० रुपये वॉलेटमध्ये व ५७६ रुपये बँक खात्यात येतात. शिक्षकांच्या खात्यात ५७६ रुपये आले त्याचा उलगडा येथे होतो. उरलेले १६० रुपये वॉलेटमध्ये पडून होते आणि तिकडे कोणी पाहिले नव्हते. दोन्ही रकमा एकाच दिवशी येत नाहीत, हेही गोंधळाचे एक कारण आहे. दुकानाच्या स्वतःच्या वॉलेटमधील जमा सामान्यतः लगेच होते, तर बँकेतील जमेस काही दिवस लागतात.

प्रमाणशीर विभागणी ही एकमेव रीत नव्हे. काही दुकाने आधी वॉलेट पूर्ण भरतात. तसे झाले तर ५०० रुपये वॉलेटमध्ये व २३६ रुपये बँकेत येतील. उलट काही ठिकाणी आधी बँकेचा पैसा परत केला जातो आणि सर्वच्या सर्व ७३६ रुपये खात्यात येतात. तिन्ही रीतींत बेरीज तीच राहते. तथापि ग्राहकाच्या दृष्टीने त्या सारख्या नाहीत. बँकेतील पैसा कोठेही खर्च करता येतो. दुकानाच्या वॉलेटमधील पैसा त्याच दुकानात खर्च करावा लागतो.

रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये ऑनलाइन भरणा गोळा करणाऱ्या मध्यस्थ संस्थांसाठी जे मार्गदर्शक नियम काढले, त्यांत परतावा मूळ भरण्याच्या मार्गानेच द्यावा, ग्राहकाने स्पष्ट संमती दिली तरच अन्य मार्ग वापरावा, असे सांगितले होते. तसेच रिझर्व्ह बँकेच्या मान्यतेने चालणाऱ्या वॉलेटसंबंधी २०२१ च्या निर्देशांत, वॉलेटमधून जेवढी रक्कम गेली होती त्या मर्यादेपर्यंतचा परतावा त्याच वॉलेटमध्ये तत्काळ जमा करावा, त्यामुळे वॉलेटची कमाल मर्यादा ओलांडली गेली तरी हरकत नाही, अशी तरतूद केली गेली. यातून एक साधी कसोटी हाती येते. कोणत्याही मार्गाने परत येणारी एकूण रक्कम त्या मार्गाने भरलेल्या रकमेहून अधिक असू नये. यूपीआयने १,८०० भरले असतील तर वॉलेटमध्ये ५०० च्या वर एक रुपयाही, ग्राहकाच्या संमतीवाचून, वळविता येत नाही. परतावा मागताना पडद्यावर ‘झटपट परतावा’ अशा नावाचा पर्याय आधीच निवडलेला असू शकतो. घाईत तो तसाच राहू दिला, तर तीच संमती ठरण्याचा धोका असतो.

वॉलेटमधील सगळा पैसाही एकसारखा नसतो. ग्राहकाने स्वतः भरलेली रक्कम आणि दुकानाने बक्षीस म्हणून दिलेली रक्कम एकाच शिलकेत दिसते, परंतु बक्षिसाच्या रकमेला बहुधा मुदत असते. समजा शिक्षकांचे ५०० रुपये असे बक्षिसाचे होते आणि त्यांची मुदत महिनाअखेर संपणार होती. परतावा पुढील महिन्यात झाला, तर १६० रुपये कागदोपत्री जमा होतील, पण वापरता येतील की नाही ते दुकानाच्या नियमांवर अवलंबून राहील. काही दुकाने नवी मुदत देतात, काही देत नाहीत. यासाठी वॉलेटमधील एकूण शिलकेवर समाधान न मानता तिचा तपशील उघडून पाहावा.

एकाहून अधिक वेळा परत केल्यास

खऱ्या चुका आढळतात त्या दुसऱ्या परताव्याच्या वेळी. समजा दुकानाने गोलाच्या वेळी अट मोडल्याचे कारण देऊन संपूर्ण २०० रुपये कापले व ६०० रुपये दिले. पुढे संच व नकाशाही परत गेले. कूपन एकदा वसूल झाले असल्याने या दोहोंचे पूर्ण १,२०० व ५०० रुपये मिळावयास हवेत, म्हणजे एकूण २,३०० रुपये पुरे होतात. परंतु हिशेबाची संगणकीय मांडणी सदोष असेल, तर संचातून पुन्हा ९६ व नकाशातून ४० रुपये वजा होतात. ग्राहकाला २,१६४ रुपये मिळतात आणि १३६ रुपये गहाळ होतात. सगळ्या वस्तू परत गेल्यावर सगळ्या परताव्यांची बेरीज भरलेल्या रकमेइतकी आली पाहिजे. ती आली नाही तर सूट दोनदा कापली गेली काय, हे सर्वप्रथम तपासावे. परत पाठवणीचे शुल्क कापले गेले असेल तर ते वेगळे दाखविलेले असते.

पैशाअडक्याच्या फरकाला मात्र फार महत्त्व देऊ नये. शंभर रुपयांची सूट तीन सारख्या वस्तूंवर वाटली, की प्रत्येकी ३३ रुपये ३३ पैसे होतात आणि एक पैसा उरतो. नीट रचलेल्या हिशेबात तो शेवटच्या वस्तूच्या माथी टाकला जातो.

शाळेच्या दप्तरातील नोंद

शाळा व ग्रामपंचायतींच्या बाबतीत या विभागणीला आणखी एक बाजू आहे. वरील शिक्षकांनी बिल जोडून २,३०० रुपये शाळेच्या निधीतून घेतले असतील, तर गोल परत गेल्यावर निधीत ७३६ रुपये भरावे लागतील, ५७६ नव्हे. वॉलेटमध्ये आलेले १६० रुपये शिक्षकांच्या व्यक्तिगत वॉलेटमध्ये आहेत, आणि त्यांची मुदत संपली तरी निधीचे देणे कमी होत नाही. लेखापरीक्षणाच्या वेळी बँकेचा उतारा दाखवून ५७६ रुपयेच जमा झाल्याचे सांगितले जाते आणि १६० रुपयांचा आक्षेप निघतो, तो यामुळेच. सार्वजनिक खरेदीत व्यक्तिगत वॉलेटची शिल्लक न वापरणे हाच यावरील सरळ उपाय आहे. वापरली गेलीच असेल, तर मूळ बिल, परताव्याचे जमापत्र व दोन्ही ठिकाणच्या जमेचे उतारे एकत्र लावावेत आणि रोकड वहीत परताव्याची पूर्ण रक्कम दाखवावी.

बँकेतील जमा दिसत नसेल तर दुकानाकडून परताव्याचा संदर्भ क्रमांक मागून घ्यावा. यूपीआयच्या व्यवहारात तो बारा अंकी असतो व त्यावरून बँकेला शोध घेता येतो. आकड्याबद्दलच वाद असेल, तर तक्रार दुकानाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे त्याने ४८ तासांत पोच देणे व एका महिन्याच्या आत निवारण करणे आवश्यक आहे. तेथे दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. तक्रारीत ‘पैसे कमी आले’ एवढेच न लिहिता वस्तूची किंमत, तिच्या वाट्याची सूट, देय परतावा आणि प्रत्येक मार्गाने आलेली रक्कम, असे चार आकडे क्रमाने द्यावेत.