उणे चिन्ह माझं नव्हतं

तंजावरच्या आणि चेन्नईला गेलेल्या मराठी घरांतल्या मुलांना चित्रं दाखवून आम्ही वस्तूंची मराठी नावं विचारली होती. गुण एका बाजूला झुकलेले, म्हणून मान-व्हिटनी चाचणी. निष्कर्षाचा परिच्छेद मी लिहिला होता. सहलेखकांनी मला न विचारता तो 'सुधारून' पाठवला.

छापून आल्यावर वाचलं. तंजावरच्या मुलांना गुण जास्त, आणि त्याच वाक्यात परिणामाचा आकार उणे! मध्यक काढून सरासरी घातलेली. फोन केला, तर म्हणाले, "अहो, सॉफ्टवेअरनं दिलं तेच लिहिलंय. उणं असलं म्हणून काय, आकडा तोच ना?" वर व्याख्यानात याबद्दल प्रश्न विचारले गेले ते मला.

आकडा तोच नसतो. समजण्यापुरते छोटे गुण घेऊ. तंजावर: ९, १२, १४, १५, १७, १८. चेन्नई: ६, ८, १०, ११, १३, १६. तंजावरचं एकेक मूल चेन्नईच्या प्रत्येक मुलासमोर उभं केलं की ३६ जोड्या होतात. त्यांतल्या २८ जोड्यांत तंजावर पुढे, ८ जोड्यांत चेन्नई. फरक २०, भागिले ३६, म्हणजे ०.५६. हाच रँक-बायसीरियल सहसंबंध. आता R मध्ये हे चालवा:

```
wilcox.test(gun ~ gat)
```

गटांची नावं Chennai आणि Thanjavur असतील, तर वर्णक्रमाने पहिला गट चेन्नई ठरतो आणि उत्तर W = 8 येतं. ते चेन्नईचं U आहे. त्यावरून काढलेला सहसंबंध −०.५६ येणारच. तो तंजावरच्या नावावर लावला की वाक्य उलटं होतं. म्हणून वाक्यात पहिला गट कुठला ते लिहा, आणि वाक्यातला मोठा मध्यक ज्या गटाचा, चिन्ह त्याच्याच बाजूचं आहे ना, ते पाहा. दोन्हींची दिशा जुळली नाही, तर आधी गटांचा क्रम तपासायचा. क्वचित मध्यकच दिशा दाखवत नाहीत, कारण चाचणी मध्यकांची नाही, क्रमांची आहे.

दुसरी खोड अशी, की काही जण z ला √N नं भागून येणाऱ्या आकड्यालाही r म्हणतात. वरच्याच गुणांवर तो ०.४६ येतो. कुठला r ते न सांगता छापला, तर वाचणाऱ्यानं काय समजायचं?

मी दिलं असतं ते वाक्य असं: "तंजावर गटाचा मध्यक १४.५ (n = ६), चेन्नई गटाचा १०.५ (n = ६); U = २८, अचूक p = ०.१३, रँक-बायसीरियल सहसंबंध ०.५६ (धन म्हणजे तंजावर पुढे)." p मोठा आहे म्हणून ०.५६ दडवायचा नाही, आणि ०.५६ आहे म्हणून फरक सिद्ध झाला असंही लिहायचं नाही. सहा-सहा मुलांवर एवढंच सांगता येतं. गुण सारखे असलेल्या जोड्या दोन्हीकडे अर्ध्या-अर्ध्या मोजा. आणि सहलेखकाकडून पाठवण्याआधीची शेवटची प्रत मागून घ्या, लेखी. शुद्धिपत्रासाठी मी पाठवलेल्या पत्राला अजून उत्तर नाही.