दाढीतला कोंडा आणि मित्राने दिलेली ट्यूब

भाऊ, दाढी काढून टाक असं मी सांगणार नाही. आई रोज सांगतेच आहे, "काढी टाक ती एकदाची." तिचंही अगदीच चुकत नाही बरं का, कारण दाढी उतरवली की हा त्रास पुष्कळदा आपोआप ओसरतो. पण तू श्रावण पाळला, मग बालाजीच्या रथापर्यंत दाढी ठेवली, आणि आता लग्नसराईत ती असायलाच हवी म्हणतोस. ठेव. फक्त काळ्या शर्टावर पांढरा चुरा पडतो म्हणून पांढरेच शर्ट घालायचे, हा काही उपाय नव्हे.

इथे धुळ्यात मेडिकलच्या काउंटरवर उभी राहून मला एक गोष्ट कळली आहे. पोरं कोंड्याचा शाम्पू मागतात तेव्हा डोक्याला हवाय असं सांगतात. दाढीसाठी मागायची त्यांना लाज वाटते. मग विचारत नाहीत आणि मित्राने दिलेलं काहीतरी चोळत बसतात. तूही तेच केलंस. त्या ट्यूबवर मी येतेच, आधी तुझे फोटो नीट बघू.

दाढी नवी असताना पहिल्या तीनचार आठवड्यांत जी खाज येते ती वेगळी असते. वस्तऱ्याने कापलेल्या केसाचं टोक धारदार राहतं, ते वाढताना कातडीला टोचतं, आणि कुरळे केस असतील तर टोक परत आत घुसून पुटकुळी येते. श्रावणात तुला झालं ते हे. ते गेलं. आता थंडी पडल्यावर सुरू झालंय ते दुसरंच आहे.

फोटोत मला तीन गोष्टी दिसल्या. खपल्या हनुवटीच्या दोन्ही बाजूंना आणि मिशीखाली आहेत. त्या पिठासारख्या कोरड्या नाहीत, किंचित पिवळट आणि तेलकट आहेत, खालची कातडी लालसर आहे. आणि नाकाच्या कडेला, भुवयांतही तसंच आहे, ज्याकडे तुझं लक्षही गेलं नाही. हे बघून मला वाटतं की हा डोक्यातल्या कोंड्याचाच भाऊबंद. डॉक्टर त्याला सेबोरिक डर्मटायटिस म्हणतात. नुसती कोरडी कातडी असती तर चुरा बारीक आणि पांढरा असता, तोंड धुतल्यावर गाल ताणल्यासारखे वाटले असते आणि भुवया स्वच्छ राहिल्या असत्या.

होतं काय, तर आपल्या प्रत्येकाच्या कातडीवर मॅलासेझिया नावाची यीस्टसारखी बुरशी राहते. तुझ्याही, माझ्याही. ती कातडीच्या तेलावर जगते. ते तेल ती फोडते तेव्हा काही आम्लं मागे उरतात, आणि ज्यांच्या कातडीला ती सोसत नाहीत त्यांची कातडी चिडते, पेशी घाईघाईने सुटायला लागतात. त्याच खपल्या. म्हणजे तू अस्वच्छ आहेस म्हणून हे झालेलं नाही, आणि हे कुणाला लागतही नाही. दाढीखाली तेलाच्या ग्रंथी भरपूर, केसांमुळे तेल आणि घाम तिथेच अडकतो, साबण वरच्या केसांवरूनच निघून जातो. थंडी, जागरण आणि ताण यांनी ते उसळतं. तू रात्री कपाशीला पाणी द्यायला जातोस, पहाटे अंगावर गार वारा घेत परततोस. त्यात मोटारसायकलवर तोंडाला बांधलेला तोच घामट रुमाल दिवसभर. कातडीला कुठे उसंत आहे?

आता मुख्य चूक. खपल्या दिसल्या की कातडी कोरडी पडली असं समजून तू रात्री तेल चोळून झोपतोस. घरचं शेंगदाण्याचं असो, तिळाचं असो की महागडं दाढीचं तेल, बहुतेक तेलांतली स्निग्ध आम्लं या बुरशीला चालतात. वैऱ्याला घरात बोलावून जेवू घालण्यासारखं आहे हे. तेल वापरायचंच असेल तर जाड खपली मऊ करायला धुण्याआधी अर्धा तास लाव आणि शाम्पूने पूर्ण काढून टाक. रात्रभर ठेवू नकोस.

उपाय साधा आहे, पण त्यात वेळेला महत्त्व आहे. कीटोकोनाझोल २ टक्के असलेला शाम्पू घे. आठवड्यातून दोनदा, समज बुधवारी आणि रविवारी, कोमट पाण्याने दाढी ओली कर. चहाच्या चमच्याएवढा शाम्पू हातावर घेऊन बोटांच्या टोकांनी कातडीपर्यंत पोचव, नखांनी नाही. मिशी, भुवया आणि नाकाच्या कडांनाही थोडा लाव, डोळ्यांत जाऊ देऊ नकोस. मग पाच मिनिटं थांब. सगळे चुकतात ते इथेच. फेस आला की लगेच धुतात आणि आठवड्याने म्हणतात, ताई, शाम्पू बोगस आहे. औषध कातडीवर टिकलं तरच काम करतं. त्याच दिवशी डोकंही त्यानेच धू, कारण डोक्यात कोंडा तसाच राहिला तर खालची कटकट संपत नाही. असं चार आठवडे. खाज बहुधा आधी थांबेल, लाली जायला वेळ लागेल. बरं वाटलं तरी सोडू नकोस, पुढे आठवड्याने किंवा पंधरवड्याने एकदा चालू ठेव. ही बुरशी कायमची जात नाही, तिला आटोक्यात ठेवायचं असतं.

मधल्या दिवशी काय? साध्या, वास नसलेल्या फेसवॉशने एकदा, आणि शेतातून आल्यावर नुसत्या पाण्याने. अंगाचा साबण दाढीला नको. आपल्या बोअरच्या जड पाण्यात साबणाचा नीट फेस होत नाही, त्याचा थर केसांच्या बुडाशी बसतो आणि कातडी आणखी चिडते. शेवटचं धुणं तरी पिण्याच्या मऊ पाण्याच्या एका तांब्याने करता आलं तर कर. पाणी कढत नको. थंडीत गिझरचं पाणी तोंडावर घेऊन शेकायला बरं वाटतं, पण खाज तासाभरात वाढते. मग टॉवेलने टिपून घे आणि कातडी किंचित ओली असतानाच बिनवासाचं हलकं मॉइश्चरायझर केसांच्या बुडाशी लाव. कंगवा आणि रुमाल रोज धू.

दाढी थोडी आखूडही कर. ट्रिमर पाचसहा मिलिमीटरवर ठेवलास तरी औषध कातडीपर्यंत पोचतं आणि दाढी दाढीसारखीच दिसते. सलूनमध्ये कडा कोरायला गेलास तर ब्लेड नवं लावायला सांग आणि तुरटी फिरवू देऊ नकोस. तुरटीने बारीक कापलेलं थांबतं, पण चिडलेल्या कातडीवर ती आग करते. लिंबू तर अजिबात नको. लिंबाचा रस लावून आपल्या उन्हात गेलास तर कातडी भाजल्यासारखी होते आणि डाग महिनोन्‌महिने राहतात. दाढी काळी करायचा रंगही सध्या बंद. त्यातल्या पीपीडी नावाच्या द्रव्याची ज्याला अॅलर्जी असते त्याला लावल्यावर एकदोन दिवसांत सूज येते, पाणी सुटतं. तसं कधी झालं तर तो कोंडा समजून शाम्पू घासत बसू नकोस.

आता ती ट्यूब. तुझ्या फोटोतल्या वेष्टणावर क्लोबेटासोल लिहिलंय, जोडीला एक अँटिबायोटिक आणि एक बुरशीचं औषध. क्लोबेटासोल हे अगदी तीव्र स्टेरॉइड. ते लाली आणि खाज दोन दिवसांत दाबतं, म्हणून तुला जादू वाटली. सोडलं की दुप्पट परत येतं, मग पुन्हा लावतात. चेहऱ्याची कातडी मुळातच पातळ, तिथे हे लावत राहिलास तर ती आणखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरमांसारखे फोड येतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली ती यासाठीच. तरी ती सर्रास मिळतात, हे मी काउंटरच्या अलीकडून सांगते. तू आठवडाभरच लावली आहेस ना? मग आजच बंद कर. पाच-सहा दिवस खाज जास्त वाटेल, घाबरू नकोस. महिनोन्‌महिने लावली असती तर मी तुला थेट डॉक्टरकडे धाडलं असतं.

आणि एक भीती होती, म्हणून मी तुला गोठ्याबद्दल विचारलं. पोळ्याला बैल धुताना, सजवताना आपण त्यांच्या मानेशी गाल घासतो. बैलाच्या किंवा वासराच्या अंगावर राखाडी गोल चट्टे असतील तर तो नायटा माणसाच्या दाढीत येतो. तो बहुधा एकाच बाजूला असतो, गोल, कडा उठलेली, मधून पुवाचे फोड, आणि तिथला केस हलक्या हाताने ओढला तरी न दुखता निघतो. अशा जागी नुसता शाम्पू किंवा मलम पुरत नाही, पोटातून गोळ्या लागतात. आणि त्यावर ती स्टेरॉइडची ट्यूब पडली तर नायट्याची कड पुसट होते आणि तो आतून पसरत राहतो. मग भल्याभल्यांना ओळखू येत नाही. तुझं दोन्ही बाजूंना आहे, केस घट्ट आहेत, म्हणून मी तो धरला नाही. तरी गोठ्यातल्या वासराच्या कानामागे एकदा बघ. चट्टे असतील तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखव आणि तोपर्यंत त्याला हात लावला की साबणाने धू.

चार आठवडे नेमाने करूनही फरक पडला नाही, पाणी किंवा पू आला, गोल जागेतले केसच गेले, किंवा कोपर-गुडघ्यांवरही जाड खपल्या दिसल्या, तर इकडे ये. भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी आहे, सकाळी लवकर निघालास तर पारोळ्याहून येऊन दुपारी परत जाशील. येताना जे जे लावलंस त्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घेऊन ये, लपवू नकोस. नायट्याचा संशय असेल तर ते कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्याआधी बुरशीचं औषध लावलं असेल तर तपासणी फसवी निघू शकते, म्हणून यायचं ठरलं की आधी फोन कर, शाम्पू कधी थांबवायचा ते मी विचारून ठेवते.