परदेशातून जीएसटी पोर्टल उघडत नाही? आधी हे करा

समजा, तुम्ही माल बघायला दुबईत आहात आणि उद्या 20 तारीख, म्हणजे जीएसटीआर-3बी भरायचा शेवटचा दिवस. हॉटेलच्या वायफायवर पोर्टल उघडत नाही, पण घरच्यांच्या मोबाइलवर उघडतंय. मग बहुतेक परदेशी आयपी अडवला जातोय. वायफाय बंद करा, भारतीय सिमचा रोमिंग डेटा सुरू करा आणि लॅपटॉपला हॉटस्पॉट द्या. रोमिंग डेटा सहसा आपल्या कंपनीच्या भारतातल्या नेटवर्कमधूनच जातो, म्हणून साइटला भारतीय आयपी दिसतो. ओटीपीही त्याच सिमवर येतो. पॅक महाग पडतो, म्हणून आकडे आधीच तयार ठेवा. फुकटच्या व्हीपीएननेही आयपी बदलतो, पण तो कोण चालवतं हे कळत नाही. बँकेच्या लॉगिनसाठी तर तो नकोच. अनोळखी आयपी पाहून खातं लॉक होऊ शकतं.