पार्सलच्या ईमेलमध्ये ‘देअर इज’ की ‘देअर आर’?

मैत्रिणींनो, आंगणेवाडीच्या जत्रेत आपल्या स्टॉलवर माल बघून गेलेला मुंबईचा दुकानदार नंतर ईमेलवर ऑर्डर देतो, आणि उत्तर इंग्रजीत द्यावं लागतं. तिथे नेमकं हे अडतं. समजा मसुऱ्यातून पार्सल निघालं. त्यात कोकम आगळाचा एक कॅन, मालवणी मसाल्याची बारा पाकिटं आणि कुळथाच्या पिठीची सहा पाकिटं आहेत. आता लिहायचं काय?

आधी आपली मराठी बघा. ‘एक कॅन आणि बारा पाकिटं आहेत’ असं आपण म्हणतो. उलटं केलं की सहज तोंडात येतं, ‘बारा पाकिटं आणि एक कॅन आहे.’ आपलं क्रियापद शेवटी येतं, म्हणून कान शेवटच्या वस्तूकडे असतो. इंग्रजीत ‘इज’ किंवा ‘आर’ यादीच्या आधी येतं, म्हणून तिथे कान पहिल्या वस्तूकडे असतो. गोंधळ होतो तो इथेच.

व्याकरणाचं पुस्तक सांगतं, दोन वस्तू ‘अँड’ने जोडल्या की अनेकवचन, म्हणजे ‘आर’. पण ‘देअर आर वन कॅन ऑफ आगळ अँड ट्वेल्व पॅकेट्स ऑफ मसाला’ हे इंग्रजी बोलणाऱ्यालाही कानाला खटकतं. तो बहुधा ‘देअर इज वन कॅन’ अशीच सुरुवात करील, आणि ते आता बऱ्यापैकी चालतं. एखादा काटेकोर साहेब मात्र त्याला चूक म्हणेल.

मग वाद कशाला? अनेकवचनी वस्तू पुढे घ्या. ‘देअर आर ट्वेल्व पॅकेट्स ऑफ मसाला अँड वन कॅन ऑफ आगळ.’ हे पुस्तकालाही पटतं आणि कानालाही. ‘देअर इज ट्वेल्व पॅकेट्स’ बोलताना खूप जण म्हणतात, पण ईमेलमध्ये ते लिहू नका.

यादी तीन-चार वस्तूंची असेल तर मला याहून बरी वाटते ती पद्धत अशी: ‘देअर आर थ्री आयटम्स इन द पार्सल’ लिहून दोन टिंबं द्यायची आणि खाली एकेका ओळीवर एकेक वस्तू, तिच्या नगासकट. ‘आर’ हा ‘थ्री आयटम्स’शी जुळला, त्यामुळे खाली पहिली ओळ एका कॅनची असली तरी बिघडत नाही. शिवाय तीन म्हटलं आणि ओळी दोनच दिसल्या, तर पाठवण्याआधी तुमच्या लक्षात येतं. नाहीतर पिठी यादीत राहून जाते, दुकानदार तिचे पैसे धरत नाही, आणि मग फोनाफोनी.

वजनाचं मात्र वेगळं आहे. दहा किलो सोलं म्हणजे एकच ढीग धरतात, म्हणून ‘देअर इज टेन केजी ऑफ कोकम’. तीच सोलं दहा पिशव्यांत भरली आणि पिशव्या मोजल्या, की ‘देअर आर टेन बॅग्ज’.