चालत्या पावलांसाठी लिहिलेली पटकथा

मुंबईहून पुण्याला येणारी गाडी 1863 पासून 1929 पर्यंत खंडाळ्याच्या अलीकडे एका जागी उलटी व्हायची. कड्याच्या अंगानं चढत आलेला रूळ तिथे संपायचा. गाडी त्या बंद टोकाला जाऊन थांबायची, इंजिन सुटून शेजारच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला यायचं आणि आतापर्यंत शेवटचा असलेला डबा आता इंजिनालगतचा होऊन गाडी उलट दिशेनं उरलेला चढ चढायची. हेच भोर घाटातलं रिव्हर्सिंग स्टेशन. गाडी वळवायला लागेल एवढी रुंद जागा त्या डोंगराच्या कडेला नव्हती, म्हणून जेम्स बर्कली या अभियंत्यानं हा मार्ग काढला. रेल्वेच्या इतिहासावरच्या एका लहानशा दालनासाठी या स्टेशनची मूक, अखंड फिरत राहणारी चित्रफीत लिहायचं काम मला मिळालं. मावळातल्या आंबीच्या घरी बसून ती पटकथा लिहिताना आणि पुन्हा पुन्हा पारखताना जे हाती लागलं, ते हे.

1. आधी जमीन मोजा, मग वेळ ठरवा.

पटकथा किती मिनिटांची, हा प्रश्न इथे नंतरचा. पडदा कुठून दिसू लागतो आणि कुठे नजरेआड होतो, हे आधी टेप घेऊन मोजावं लागतं. आमच्या दालनात हे अंतर सहा मीटर होतं. वस्तू पाहत चालणारा माणूस रस्त्यावरच्यापेक्षा हळू चालतो. सेकंदाला पाऊण मीटर धरलं, तर त्याच्याजवळ आठ सेकंद उरतात. त्यातही तो शेजारच्या कपाटाकडे बघणार, मुलाचा हात धरणार. म्हणून मी आठ सेकंद हे एक माप मानलं आणि पूर्ण फेरी सहा तुकड्यांची, म्हणजे 48 सेकंदांची ठेवली. जो थांबेल त्याला मिनिटभराच्या आत सगळं मिळावं आणि जो थांबणार नाही त्याला निदान एक तुकडा अखंड मिळावा, हा हिशेब. त्याला दोन अर्धे तुकडेच दिसण्याचीही शक्यता असते, म्हणून प्रत्येक तुकड्यातली मुख्य हालचाल मी चार-पाच सेकंदांत संपवली आणि उरलेला वेळ चित्र जवळजवळ स्थिर ठेवलं.

2. प्रत्येक तुकड्यापुढे लिहा: आत्ताच आलेल्याला काय कळेल?

या कामातला सगळ्यात अवघड भाग हाच, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. नेहमीच्या पटकथेत आधी दाखवलेल्याच्या आधारावर पुढचं उभं राहतं. इथे प्रेक्षक कुठल्याही सेकंदाला येतो, त्यामुळे ‘आधी’ असं काही नसतंच. मी कागदावर तीन रकाने आखले: चित्रात काय घडतं, किती सेकंद, आणि याच क्षणी आलेल्या माणसाला काय समजेल. तिसरा रकाना रिकामा राहिला की तो तुकडा पुन्हा लिहायचा.

रिव्हर्सिंग स्टेशनच्या बाबतीत हा रकाना फार छळतो. पडद्यावर गाडी आधी उजवीकडून डावीकडे चढते आणि थांबल्यानंतर डावीकडून उजवीकडे. ज्यानं फक्त एकच अर्धा भाग पाहिला, त्याला गाडी पुण्याला निघालीय की मुंबईला परत चाललीय, हे कसं कळावं? त्यावर बाण काढणं सोपं होतं, पण बाण दिशा सांगतो, चढ सांगत नाही. शेवटी डोंगराचा उभा छेद हेच सगळ्या सहा तुकड्यांचं कायमचं दृश्य ठरलं. खाली कर्जतची बाजू, वर खंडाळा, आणि पडद्याच्या कडेला उंचीची एक पट्टी. गाडी कुठल्याही दिशेला धावो, पट्टीवरचा ठिपका वरच सरकतो. घाटाच्या पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंत सुमारे 25 किलोमीटरमध्ये 558 मीटरचा चढ आहे. हा आकडा पडद्यावर कुठेच लिहिलेला नाही, तो त्या ठिपक्यात आहे.

दुसरी खूण डब्यांची. शेवटचा डबा लाल रंगवला, बाकीचे तपकिरी. पहिल्या अर्ध्या भागात तो शेपटाला असतो, दुसऱ्या अर्ध्या भागात इंजिनाला चिकटलेला. दोन्ही भाग पाहणाऱ्याला गाडी उलटल्याचा हा पुरावा आपोआप मिळतो, एकच पाहणाऱ्याचा त्यानं गोंधळ होत नाही. खुणा अशाच निवडाव्यात: ज्याला जोडता आल्या त्यानं जोडाव्यात, पण न जोडणाऱ्याचं काही अडू नये.

3. कॅमेरा हलवण्याचा मोह आवरा.

दिग्दर्शकाला इंजिनाच्या जोडणीचं जवळून चित्र हवं होतं. मागणी रास्त होती, कारण साखळी सुटणं आणि पुन्हा अडकणं हीच तर घटना. पण चित्र जवळ गेलं की डोंगर नाहीसा होतो, आणि त्या आठ सेकंदांत येणाऱ्याला नुसती दोन लोखंडी टोकं दिसतात. आम्ही जोडणीसाठी कोपऱ्यात एक गोल खिडकी उघडली आणि मागचा डोंगर तसाच ठेवला. नकाशाच्या कोपऱ्यात छोटा नकाशा असतो, ही रीत सगळ्यांच्या ओळखीची आहे.

4. ‘मूक’ म्हणजे आवाज बंद केलेलं नव्हे.

पडद्यावर माणूस ओठ हलवताना दिसला की बघणारा आवाजाचं बटण शोधतो. ते सापडलं नाही की यंत्र बिघडलंय असं समजून पुढे जातो. म्हणून मूळ मसुद्यातला शिट्टी फुंकणारा गार्ड काढून हिरवा बावटा हलवणारा गार्ड घेतला. वाफ, धूर, चाकांचा वेग, सिग्नलचा हात ही सगळी डोळ्यांची भाषा आहे आणि वाफेच्या इंजिनाकडे ती भरपूर आहे. चढावर धूर दाट, थांबल्यावर विरळ, एवढ्यावरच गाडीवरचा ताण कळतो.

लोणावळ्यात एके काळी छापखाना चालवलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये, 1913 साली, प्रसंगांच्या मध्ये मजकुराच्या पाट्या येत. खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकाला त्या वाचायला वेळ होता आणि आधीचा प्रसंग त्यानं पाहिलेला होता. आपल्या प्रेक्षकाजवळ यातलं काहीच नाही. तो पाटीच्या मध्यावर आला, तर चित्रही गेलं आणि वाक्यही अर्धंच मिळालं. मी पूर्ण वाक्य एकही ठेवलं नाही. फक्त तीन नावं: कर्जत, रिव्हर्सिंग स्टेशन, खंडाळा. ती येत-जात नाहीत, आपापल्या जागी कायम असतात. अक्षराचं मापही जमिनीवरूनच काढलं. पडदा 43 इंची, म्हणजे उंची साधारण 53 सेंटिमीटर, त्यात 1080 पिक्सेल. एका सेंटिमीटरला वीस पिक्सेल पडतात. तीन मीटरवरून चालत वाचायचं, तर अक्षराचा मधला भाग अडीच सेंटिमीटर, म्हणजे पन्नास पिक्सेल हवा. वेलांट्या, मात्रा, उकार यांची जागा त्याहून वेगळी. ‘रिव्हर्सिंग’मधला रफार आणि अनुस्वार बारीक फॉन्टमध्ये लांबून विरघळून जातात, म्हणून ठसठशीत पण अक्षरांमध्ये मोकळी जागा असलेला फॉन्ट निवडला.

5. चित्र रंगवायला घेण्याआधी माणसं चालवा.

सहा तुकड्यांची कच्ची चित्रं कागदावर काढून मी घराच्या व्हरांड्यात एकेक करून लावली. शेजारपाजारची मुलं, एमआयडीसीतून पाळी संपवून येणारी मंडळी, माझी सासू, सगळ्यांना न थांबता चालत जायला सांगितलं. मग एकच प्रश्न: गाडी वर चालली होती की खाली? ‘कसं वाटलं?’ असं विचारू नये, सगळे छानच म्हणतात.

याच चाचणीत एक गोष्ट उघड झाली, जी टेबलावर बसून कधीच सुचली नसती. इंजिन सुटून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जातं, त्या चौथ्या तुकड्यावर कितीतरी जण म्हणाले, ‘मागून ढकलायला चाललंय.’ आपल्या भागातल्या माणसानं कर्जतला गाडीच्या मागे बँकर लागताना पाहिलेला असतो. घाट म्हटला की इंजिन मागून रेटतं, हे त्याला पक्कं ठाऊक. त्याच्या दृष्टीनं ते उत्तर अगदी शहाणपणाचं होतं. पुण्या-मुंबईबाहेरच्या पाहुण्याला कदाचित ही शंकाच आली नसती. म्हणून चौथा तुकडा इंजिन जोडलं जाण्यापाशी न थांबवता, जोडून गाडी इंजिनामागून चार डब्यांइतकी ओढली गेल्यावर संपवला. इंजिनापुढे मोकळा रूळ दिसतो, त्यावर चढ दिसतो, आणि ढकलण्याची शंका उरत नाही. पुढच्या वेळी व्हरांड्यात कुणी ढकलणं म्हटलं नाही.

दालनाचं दार डावीकडे असल्यानं बहुतेक लोक डावीकडून उजवीकडे जाणार होते. त्या दिशेनं सरकणाऱ्या वस्तूबरोबर नजर जास्त वेळ राहते. म्हणून उलटल्यानंतरची, खंडाळ्याकडची धाव डावीकडून उजवीकडे ठेवली. कुणाच्या वाट्याला एकच धाव यायची असेल, तर तिच्याकडे जास्त वेळ नजर राहावी, कारण लाल डबा इंजिनाला लागलेला तिथेच दिसतो.

6. शेवट नको, सांधा हवा.

पहिल्या आराखड्यात सहावा तुकडा 1929 चा होता: नवा मार्ग तयार होतो, जुना रूळ पुसट होतो. वाचायला तो देखणा होता. पण पुसट होत जाणारं चित्र पाहिलं की नुकताच आलेला माणूस समजतो, संपलं, आणि निघून जातो. शिवाय 1929 नंतर लगेच पुन्हा 1863 ची गाडी पायथ्याशी उभी, ही उडी डोळ्याला खटकते. ते साल मी पडद्याखालच्या पाटीवर हलवलं. अॅलिस ट्रेडवेलही तिथेच गेली. कंत्राटदार नवरा 1859 मध्ये वारल्यावर घाटाचं काम पुरं करून घेणाऱ्या या बाईला आठ सेकंदांत बसवणं हा तिच्यावर अन्याय झाला असता. पाटीसमोर माणूस थांबतो, तिथे तिला पुरेशी जागा आहे.

सांध्यासाठी उपाय असा निघाला: पहिली गाडी खंडाळ्याच्या बोगद्यात शिरत असतानाच पायथ्याशी दुसरी गाडी निघालेली असते. फेरीचा शेवट आणि सुरुवात दोन्ही एकाच चित्रात असतात. यात एक बारकावा आहे. शेवटची चौकट पहिलीसारखी हुबेहूब असली, तर ती दोनदा दिसते आणि गाडी किंचित अडखळते, म्हणून शेवटची चौकट कापायची. फाईल पाच-सहा वेळा पुढे-मागे जोडून बघितली की हा अडखळा लगेच दिसतो. काही प्लेअर प्रत्येक फेरीनंतर क्षणभर काळा पडदा दाखवतात. तो दोष चित्रफितीचा नसून यंत्राचा असतो, आणि प्रत्यक्ष दालनातल्या यंत्रावर चालवल्याशिवाय तो कळत नाही. म्हणून यंत्र आणि चित्रफीत एकत्रच तपासून ताब्यात द्यावी.

मावळात पावसाळ्यात लाईट जाते. परत आल्यावर प्लेअरनं आपणहून, मेनू न दाखवता, चित्रफीत सुरू केली पाहिजे. ही सोय असलेलाच प्लेअर घ्यायचा, हे मी पटकथेच्या पहिल्या पानावर लिहिलं. त्याखाली दालन उघडणाऱ्या शिपाईकाकांसाठी तीन ओळी आहेत: सकाळी मेन स्विच लावा, ठिपका वर सरकताना दिसतो का ते बघा, आणि दुपारी खिडकीचं ऊन काचेवर पडलं तर डावा पडदा ओढा.