आधी प्रश्न की आधी उतारा?

गेल्या सेमिस्टरला इंटर्नशिपच्या अॅप्टिट्यूड टेस्टमध्ये मी दोन मार्कांनी उडालो. मी साताऱ्याच्या कॉन्व्हेंटमधला, त्यामुळे मॅथ्सचं टेन्शन होतं, इंग्लिशचं अजिबात नव्हतं. आणि मार्क गेले ते नेमके इंग्लिशच्या उताऱ्यात! माझा रूम-पार्टनर पाटणचा, दहावीपर्यंत मराठी मीडियम. तो पास झाला. मी ‘आधी प्रश्न वाच, मग उत्तरं शोध’ या सिनियर्सच्या फॉर्म्युल्याने गेलो होतो, तर त्याने आधी उतारा वाचला होता. मग नेमकं बरोबर काय? सांगलीला परत आल्यावर आम्ही होस्टेलवर मोबाईलचं स्टॉपवॉच लावून बसलो. सरावासाठी मी स्वतःच एक छोटा उतारा लिहिला:

‘कोयना धरणात पाणी साठू लागल्यावर परिसरात लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. पाण्याच्या वजनाने जमीन हादरली, असे अनेकांना वाटते. पण खडकांमध्ये ताण आधीपासूनच साठलेला असतो. भेगांमध्ये मुरलेले पाणी तो मोकळा होण्यास केवळ निमित्त ठरते.’

प्रश्न दोन. पहिला, मोठा भूकंप कोणत्या वर्षी झाला? दुसरा, लेखकाच्या मते भूकंपाचे मूळ कारण कोणते? (अ) पाण्याचे वजन (ब) खडकांत साठलेला ताण (क) भेगांत मुरलेले पाणी.

प्रश्न आधी वाचले की पहिल्याचं उत्तर पाच सेकंदांत सापडतं. डोळे वर्ष शोधतात, वर्ष एकच आहे, काम झालं. दुसऱ्याला मात्र हीच सवय नडते. डोक्यात ‘कारण’ आणि ‘पाणी’ हे शब्द घेऊन आपण उताऱ्यावर धाड टाकतो. तिसऱ्या वाक्यात ‘पाण्याच्या वजनाने’ दिसतं आणि आपण ‘अ’ला टिक करून मोकळे. ते मत लेखकाचं नाहीच, ‘अनेकांना वाटते’ असं स्पष्ट लिहिलंय. पुढच्या वाक्यातला ‘पण’ वाचलाच नाही, तर उत्तर चुकणारच. टेस्टमध्ये माझं अगदी असंच झालं होतं.

गंमत म्हणजे इथे पार्टनरही चुकला. कोयनेच्या गोष्टी तो घरी लहानपणापासून ऐकत आलाय, त्यामुळे उतारा बाजूला ठेवून त्याने ऐकीव माहितीवर ‘अ’ दिलं. विषय ओळखीचा असला की हा धोका असतो. आपलं उत्तर उताऱ्यातल्या नेमक्या ओळीवर बोट ठेवून दाखवता आलं नाही, तर ते उताऱ्यातून आलेलं नाही असं समजावं.

बरेच उतारे सोडवल्यावर आम्ही मधला रस्ता धरला. आधी फक्त प्रश्न वाचायचे, पर्याय अजिबात नाही. चारातले तीन पर्याय चुकीचेच असतात. ते आधी वाचले की तेच डोक्यात बसतात आणि मग उताऱ्यात तेच दिसू लागतात. प्रश्न वाचायला अर्धा मिनिट पुरे. त्यात एवढंच ठरवायचं की हा ‘शोधायचा’ प्रश्न आहे की ‘समजायचा’. वर्ष, नाव, ठिकाण विचारलं असेल तर तो शोधायचा. ‘लेखकाच्या मते’, ‘यावरून काय सूचित होते’, ‘योग्य शीर्षक’ असं असेल तर समजायचा. मग उतारा एकदाच, पण सलग वाचायचा आणि ‘पण’, ‘मात्र’, ‘तरीही’ खाली रेघ मारायची. इंग्लिशमध्ये ‘बट’, ‘हाउएव्हर’, ‘यट’. लेखक आपलं म्हणणं बहुधा त्यांच्यानंतर मांडतो. पर्याय बघण्याआधी उत्तर मनात स्वतःच्या शब्दांत तयार करायचं.

हा रस्ता सगळीकडे चालत नाही. यूपीएससीच्या सीसॅटमध्ये दोन तासांत ८० प्रश्न असतात, म्हणजे एकाला दीड मिनिट. तिथे बरेच उतारे छोटे असतात आणि एकेका उताऱ्यावर एक-दोनच प्रश्न. तिथे प्रश्न आधी वाचणं फायद्याचं, कारण एक प्रश्न डोक्यात सहज राहतो. कॅटचं उलट. उतारा स्क्रीनच्या एका बाजूला आणि प्रश्न दुसऱ्या बाजूला एकेक करून येतात. चारही प्रश्न आधी बघायचे तर क्लिक करत पुढे-मागे जावं लागतं, आणि चौथ्यापर्यंत पहिला विसरतो. शिवाय तिथे बहुतेक प्रश्न समजायचेच असतात. म्हणून तिथे सरळ उतारा आधी.

तुमची पद्धत कुठे चुकते हे ओळखायला एक साधी टेस्ट आहे. चुकलेल्या उत्तरांपुढे ‘शोध’ किंवा ‘समज’ लिहा. ‘समज’ जास्त चुकत असतील तर तुम्ही माझ्यासारखे उताऱ्यावर धाड टाकताय. वेळच पुरत नसेल आणि चुका कमी असतील, तर शोधायच्या प्रश्नांसाठी तुम्ही अख्खा उतारा पुन्हा पुन्हा वाचताय.

माझ्या वहीत पहिल्या आठवड्यात सगळीकडे ‘समज’च होतं. कॉन्व्हेंटचं इंग्लिश तिथे काही कामाला आलं नाही. पुढची कंपनी येईपर्यंत रूमवर रोज दोन उतारे चालू आहेत. स्टॉपवॉच पार्टनरकडे आणि ‘पण’वर लक्ष माझं!