वारसनोंद कर, हक्कसोड थांबव

चि. बाळ,

तुझ्या दिरांनी कागद तयार करायला घातल्याचं तू कळवलंस. 'सातबाऱ्यावर नाव लावायचंय, तालुक्याला येऊन सही करून जा,' एवढंच तुला सांगितलंय. माझं उभं आयुष्य दस्त लिहिण्यात गेलं, म्हणून मामा या नात्याइतकंच त्या धंद्याच्या अनुभवावरूनही हे पत्र लिहितोय. नवरा गेल्यावर बाईसमोर दोन निरनिराळी कामं येतात आणि त्यांवरच्या सह्या बऱ्याचदा एकाच दिवशी, एकाच फेरीत घेतल्या जातात. एक वारसनोंद, म्हणजे मयताच्या जागी वारसांची नावं लागणं. दुसरं हक्कसोडपत्र, म्हणजे लागलेलं किंवा लागणारं नाव आपल्या हातानं काढून देणं. पहिल्यात तुला मिळतं, दुसऱ्यात तुझं जातं. पहिलं लवकर कर, दुसरं आत्ता अजिबात करू नकोस, एवढंच मला सांगायचं आहे.

वारसनोंदीला तुझ्या त्यागाची गरज नसते. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते आणि शपथेवरची माहिती घेऊन तलाठ्याकडे अर्ज करायचा. तो वारस नोंदवहीत नोंद घेतो, फेरफार लिहितो, संबंधितांना नोटीस काढतो आणि हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. 'तू सही दिली नाहीस तर नाव लागणार नाही, जमीन अडकेल,' असं कुणी म्हणालं तर त्यांना विचार, कुठल्या कागदावरची सही? अर्जावरची, जबाबावरची, की हक्कसोडीवरची? तलाठ्यापुढचा जबाबसुद्धा नीट वाच. 'मला हिस्सा नको, सर्व जमीन दिरांच्या नावे लावावी' असं त्यात घुसडलेलं असू शकतं. वारसाची खबर तीन महिन्यांत द्यावी असा नियम आहे, पण उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. हक्क तुझा नवरा गेला त्याच दिवशी तुम्हा वारसांकडे आला. फेरफार ही त्याची फक्त नोंद. म्हणून नाव कुणाचं लागतंय तेही बघ. 'एकत्र कुटुंब मॅनेजर' म्हणून एकट्या दिरांचं नाव लागू देऊ नकोस. तुझं नाव लाव, मुलांची नावं 'अ.पा.क. आई' म्हणून लाव आणि सासूबाईंचंही लागू दे, कारण त्याही वारस आहेत.

आता हिशेब बघ. तुमची आठ एकर जमीन सासऱ्यांनी स्वतः विकत घेतलेली आणि ते मृत्युपत्र न करता गेले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांच्या मागे सासूबाई, दोन मुलगे आणि एक मुलगी असे चार सारखे वारस, म्हणजे प्रत्येकी दोन एकर. तुझ्या नवऱ्याचे ते दोन एकर पुन्हा चार ठिकाणी जातात: तू, मुलगा, मुलगी आणि सासूबाई, प्रत्येकी वीस गुंठे. या दोन एकरांत दिरांचा आणि नणंदेचा एक गुंठाही येत नाही. पहिल्या वर्गाचा एक जरी वारस हयात असला तरी भावाबहिणींपर्यंत पाळी जात नाही. (जमीन वडिलोपार्जित असती तर अपूर्णांक बदलले असते, पण तू आणि मुलं वारस राहिलाच असता.) म्हणजे तू सही करतेस तेव्हा वीस गुंठे सोडतेस, आणि मुलांची पालनकर्ती म्हणूनही सही घेतली तर साठ गुंठ्यांवर हात फिरतो. मुलांच्या हिश्शाचा मात्र तू परस्पर निकाल लावू शकत नाहीस. अज्ञान मुलांची स्थावर मिळकत पालकाला न्यायालयाच्या आधीच्या परवानगीशिवाय देता येत नाही. तशी दिली तर सज्ञान झाल्यावर मुलं ती रद्द करून मागू शकतात. त्या दाव्यात बापाच्या बाजूचे सगळे नातेवाईक एकीकडे आणि मुलं दुसरीकडे उभी राहतील, हेही दिरांना सांगायला हरकत नाही. त्यांच्याही हिताचं आहे ते.

तुला म्हणतील, नंतर पटलं नाही तर रद्द करू. हे खरं नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवताना तुझा फोटो निघतो, अंगठा घेतला जातो आणि दस्त कबूल आहे का, असं विचारतात. त्यात 'राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय' ही ओळ असतेच, मी ती असंख्य वेळा लिहिली आहे. तू एकतर्फी जाऊन ते परत घेऊ शकत नाहीस. दिवाणी दावा लावावा लागतो, फसवणूक किंवा दडपण सिद्ध करण्याचा भार तुझ्यावर येतो आणि गोष्ट कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. 'मी वाचलं नव्हतं' हे तिथे फार तोकडं पडतं. दुसरे म्हणतील, नोंदणी नको, साध्या स्टॅम्पपेपरवर घरातल्या घरात लिहू. नोंदणीशिवायच्या कागदानं स्थावरातला हक्क सुटत नाही, हे खरं. पण पुढे भांडण झालं की तोच कागद 'तोंडी वाटणी आधीच झाली होती, ही तिची आठवण' म्हणून कोर्टात ठेवला जातो. म्हणून बिननोंदणीचा कागद निरुपद्रवी समजू नकोस, कोरा तर मुळीच नको.

कर्जाची भीती घालतील. सोसायटीचं पीककर्ज असेल तर ते सातबाऱ्याच्या 'इतर हक्कात' बोजा म्हणून दिसतं. उतारा काढून बघ. वारसाची जबाबदारी वारशानं आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. हिस्सा सोडून देणं हा कर्ज फेडण्याचा उपाय नव्हे. 'उद्या तू दुसरं लग्न केलंस तर जमीन परक्या घरी जाईल,' असंही कुणीतरी कुजबुजेल. पुनर्विवाहानं तुझा आलेला हिस्सा परत जात नाही. आणि लग्न करायचं की नाही, हे त्यांच्या कागदानं ठरायचं नाही.

एक आक्षेप मात्र मला खरंच वजनदार वाटतो. तुला त्याच घरात राहायचंय, मुलांना आजी हवी, काका हवे, आणि नकार दिला की घर वैरी होतं. म्हणून मी 'नाही' म्हणायला सांगत नाही, 'वारसनोंद झाल्यावर बोलू' म्हणायला सांगतो. हे वाक्य कुणाचा अपमान करत नाही. उलट, दिरांनी खरंच मशागत केली असेल, आजारपणात पैसे घातले असतील, तर त्यांची बाजूही नाव लागल्यावर नीट मोजता येईल. सासूबाईंच्या म्हातारपणासाठी काही गुंठे सोडावेत असं तुला वाटलं, तर तेही सोड, मी अडवणार नाही. पण तेव्हा तू किती सोडतेस, कुणाला सोडतेस आणि बदल्यात राहतं घर, विहिरीचं पाणी, बांधावरून जाण्याची वाट यांतलं काय मिळतंय, हे त्याच नोंदणीकृत कागदात लिहिलेलं असावं. सरसकट हक्कसोडीपेक्षा मोजणी करून, नकाशा जोडून केलेलं वाटणीपत्र बरं. त्यात प्रत्येकाच्या वाट्याला काय आलं ते दिसतं.

यंदाची पेरणी तोंडावर आहे, तेवढ्यासाठी कागद हवाय असं म्हणाले तर पेरणी थांबवू नकोस. या हंगामात दिरांनी कसावं, उत्पन्नाचा हिशेब ठेवावा, एवढं तोंडी ठरव आणि दोन्हीकडच्या एखाद्या जाणत्याला बोलावून त्याच्यासमोर ठरव. कुलमुखत्यारपत्र मागितलं तर देऊ नकोस. त्याच्या आधारे तुझ्या वतीनं जमिनीचं खरेदीखतही होऊ शकतं.

सोमवारी ते घ्यायला येतील तेव्हा गाडीत बसण्याआधी मसुद्याची प्रत माग. देत नसतील तर त्या दिवशी तब्येत बरी नाही म्हण. दिली तर सगळ्या पानांचे फोटो मला पाठव. शेवटच्या पानावरचं परिशिष्ट, जिथे गट नंबर आणि क्षेत्र लिहिलेलं असतं, ते सुटू देऊ नकोस.

तुझा,
मामा